खिडकीत टांगलेल्या चार कापडांचे फोटो : पडद्यासाठी कोणतं घेऊ?

ओवी_पुणे

हॉलच्या पडद्यांसाठी गेल्या आठवड्यात लक्ष्मी रोडवरून चार कापडं एकेक मीटर आणली. दुकानदार कॅटलॉगातला चार बोटांचा तुकडा दाखवत होता, तेवढ्यावर ठरवायला मन होईना. चारही खिडकीत टांगून फोटो काढलेत, खाली लावलेत.

आधी खिडकीचं सांगते. सहा फूट रुंद, तोंड पश्चिमेला, तिसरा मजला. समोरच्या इमारतीचा जिना आणि दोन घरांच्या खिडक्या साधारण तीस फुटांवर. दुपारी तीननंतर ऊन थेट सोफ्यावर येतं. खिडकीच्या भिंतीला फिकट पिस्ता रंग आहे, बाकी तीन भिंती क्रीम.

फोटो १ : पांढरी शुभ्र झिरझिरीत शिअर, पॉलिएस्टर.
फोटो २ : लिननसारखं दिसणारं, गव्हाळ, मधे मधे जाड धागे असलेलं.
फोटो ३ : हातमागाचं सुती, गेरूच्या रंगाचं.
फोटो ४ : करडं, बराचसा उजेड अडवणारं डिमआऊट.

गोंधळ असा की चार फोटोंत भिंत चार रंगांची दिसतेय. पहिल्यात मळकी पिवळी, तिसऱ्यात चक्क निळसर हिरवी. आणि डिमआऊटच्या फोटोत हॉल सगळ्यात उजळ दिसतोय! प्रत्यक्षात तो लावल्यावर मला चष्मा सापडत नव्हता. मग या फोटोंवरून ठरवायचं तरी कसं?

चिंतोपंत

सरळ गणित आहे. गडद कापड घ्या. गडद म्हणजे उजेड कमी आणि बाहेरून काही दिसत नाही. फिकट म्हणजे दोन्ही उलट. गेरू घ्या, मोकळे व्हा. आमच्याकडे बारा वर्षं मरून रंगाचे पडदे आहेत.

शशिकांत ना.

फोटो खिडकीत टांगू नयेत असं माझं मत. पश्चिमेच्या उन्हात रंग उडतात. आमच्या लग्नाचा फोटो असाच सहा वर्षांत निळा पडला. आतल्या भिंतीवर लावा.

ओवी_पुणे

शशिकांतकाका, फोटो नाही टांगलेत, कापडं टांगलीत. त्यांचे फोटो काढलेत :)

शशिकांत ना.

अच्छा अच्छा. मग रंग कापडाचाही उडतो, तेवढं लक्षात ठेवा.

दोन_पन्ने

काकांचं दुसरं वाक्य खरं आहे. पश्चिमेच्या खिडकीत अस्तर नसलेला गडद सुती पडदा घडीच्या बाहेरच्या कडेला आधी विटतो आणि दोनेक वर्षांत उभे पट्टे दिसायला लागतात.

आता ओवी, तुमचे फोटो. मी फर्निशिंगच्या कापडात अठरा वर्षं काढली, आधी दुकानात, मग पडदे शिवून देण्यात. असे फोटो रोज येतात आणि त्यांतले बहुतेक एकमेकांशी ताडून पाहण्यासारखे नसतात. दोष तुमचा नाही. फोन प्रत्येक फोटो आपल्या बुद्धीने 'नीट' करतो. समोर अंधार असला की तो उजळवतो. म्हणून डिमआऊटचा हॉल सगळ्यात लख्ख. फोटो ४ मधे पडद्याच्या उजव्या कडेची फट बघा, पांढरीफट्ट झालीय, समोरच्या इमारतीचं तिथे नावही नाही. फोटो १ मधे तीच इमारत विटांसकट दिसते. म्हणजे चौथ्यात फोनने कितीतरी जास्त उजेड आत घेतलाय.

रंगाचंही तसंच. गेरूचं कापड अर्धा फोटो व्यापून बसलं की फोनला वाटतं खोलीतला उजेडच तांबूस आहे, म्हणून तो सगळ्यात निळसरपणा मिसळतो. तुमची पिस्ता भिंत त्यात बिघडली. खरं तर गेरूतून आलेला उजेड पिस्त्यावर पडला की भिंत उलट मातकट दिसायला हवी. फोटोने तुम्हाला नेमकं विरुद्ध दाखवलंय.

एकच करा. चारही कापडं एकाच खिडकीत, एकाच रॉडवर शेजारी शेजारी टांगा आणि एकच फोटो काढा. फोनला जे काय करायचं ते चौघांना सारखंच करेल. खिडकीशेजारच्या भिंतीवर एक कोरा पांढरा कागद चिकटवा, तो फोटोत यायला हवा. आणि कापड ताणून सपाट लावू नका. मीटरभर कापड अर्ध्या मीटरात चुण्या पाडून लावा. शिवलेला पडदा चुण्यांचाच असतो, उजेड बऱ्याच ठिकाणी दोन थरांतून येतो. सपाट तुकडा कायम जास्त झिरझिरीत आणि जास्त फिका दिसतो. घरी पडदे लागल्यावर 'दुकानात एवढा गडद नव्हता' असं लोक म्हणतात त्याचं अर्धं कारण हे.

ओवी_पुणे

आणि उरलेलं अर्धं?

दोन_पन्ने

दुकानात कापड समोरून उजळलेलं बघता. काउंटरवर पसरलेलं, वर दिवे. खिडकीत उजेड मागून येतो. जाडसर कापड मागून उजेड आला की आपल्या रंगाहून दोन छटा काळं दिसतं, पातळ कापड उलट पेटल्यासारखं दिसतं. तुमच्या करड्या डिमआऊटचा करडा रंग तुम्हाला खऱ्या अर्थाने फक्त रात्री, आतले दिवे लागल्यावर दिसेल. दिवसा तो एक काळपट चौकोन.

वैदर्भी

आमचा प्रश्न यातच विचारते. नागपूर, पश्चिमेचीच खिडकी, मे महिन्यात हॉलची भट्टी. ब्लॅकआऊट लावले तरी फरक नाही. कोणतं कापड घ्यावं?

दोन_पन्ने

फरक थोडा पडतो, पण पडदा काचेच्या आत असतो ना. ऊन काच ओलांडून आत आलं की बहुतेक उष्णता घरातच राहते, पडदा तापतो आणि मग पडदाच खोली तापवतो. पडद्याची बाहेरची बाजू पांढरी असली तर काही ऊन काचेतून परत जातं, तेवढाच फायदा. तुमच्याकडे वाळ्याच्या ताट्या बाहेरून बांधतात त्या उगाच नाहीत. ऊन काचेच्या बाहेरच अडवा, चिक लावा, हिरवी जाळी लावा. पण ओवीचा प्रश्न उजेडाचा आहे, त्यात उष्णता मिसळली की धागा भरकटेल.

चिंतोपंत

माझ्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलं नाही. गडद म्हणजे आडोसा, हे चूक आहे का?

दोन_पन्ने

जाड कापडापुरतं बरोबर आहे, पंत. तुमचे मरून जाड असणार. पण झिरझिरीत कापडात दिवसा उलटं होतं. पांढऱ्या शिअरवर बाहेरून ऊन पडतं तेव्हा ती बाहेरच्या अंगाने चमकते आणि त्या चमकेमागचं अंधारं घर बघणाऱ्याला दिसत नाही. काळी किंवा गडद शिअर चमकत नाही, तिच्या भोकांतून नजर सरळ आत जाते. आतल्या माणसाच्या बाबतीतही तसंच, गडद जाळीतून बाहेरचं झाड स्वच्छ दिसतं, पांढरीतून धुक्यातल्यासारखं. रस्ता बघायचा असेल तर गडद जाळी, लपायचं असेल तर पांढरी. दिवसा, हं. रात्री दोन्ही नागव्या.

चिंतोपंत

हे मला माहीत नव्हतं. जाळीचं.

ओवी_पुणे

नवीन फोटो काढला (फोटो ५). काल चार वाजता, चारही एका रॉडवर, चुण्या पाडून, डाव्या बाजूला A4 कागद. काय फरक आहे! डिमआऊट म्हणजे भिंतीला भोक पाडून काळोख भरल्यासारखा. गेरू मधोमध निखाऱ्यासारखा, कडांना तपकिरी. गव्हाळ सगळ्यात शांत. आणि पांढरी शिअर इतकी पेटलीय की टीव्हीत तिचं प्रतिबिंब सोडून काही दिसत नव्हतं.

म्हणजे जी सगळ्यात जास्त उजेड देते तीच डोळ्यांना सगळ्यात जास्त त्रास देते?

तेजस_मोजमाप

मी फोनवरचं उजेड लक्समधे मोजणारं ॲप वापरतो. मधल्या टीपॉयवर फोन उताणा ठेवायचा, प्रत्येक कापड लावून आकडा लिहायचा. ज्याचा आकडा मोठा ते कापड चांगलं. वाद मिटला.

ओवी_पुणे

करून बघितलं. पडदा नसताना साधारण ११००. पांढरी शिअर ६००, गव्हाळ ३५०, गेरू १५०च्या आसपास, डिमआऊट १५. ढग आला की सगळे आकडे कोसळतात, म्हणून प्रत्येक कापडाच्या आधी उघड्या खिडकीचा आकडा परत घेतला.

दोन_पन्ने

उघड्या खिडकीचा आकडा परत घेतलात हे फार छान केलंत, ते सहसा कोणी करत नाही. पण तेजस, आकडा मोठा म्हणजे कापड चांगलं, हे नाही पटत. टीपॉयवरचा फोन छताकडे बघतो, माणूस खिडकीकडे बघतो. ऊन थेट पडलं की पांढरी शिअर हाच एक मोठा दिवा होतो. टीपॉयला उजेड हवा असतो, डोळ्यांना तो दिवा समोर नको असतो. ओवीच्या खिडकीत दुपारी तीन ते साडेसहा हा दिवा रोज पेटणार. गव्हाळ कापड पांढरीच्या निम्म्याहून थोडा जास्त उजेड आत सोडतंय, पण स्वतः बोचत नाही. पेपर वाचायला ३५० भरपूर झाला.

खिडकी उत्तरेची असती तर मी डोळे झाकून शिअर सांगितली असती.

तेजस_मोजमाप

मान्य. पण निदान चार कापडांचं आपसातलं प्रमाण तरी कळलं.

दोन_पन्ने

तेवढं कळलं, खरंच.

मांडवीकाठ

आमच्या आजोळी गोव्यात जुन्या घराला शिंपल्यांची तावदानं होती. लाकडी चौकटीत पातळ घासलेले शिंपले. पडदे नव्हतेच. उजेड दुधासारखा आत यायचा आणि बाहेरून कोणी नाकाने तावदानाला चिकटलं तरी त्याला आतलं दिसायचं नाही. तसं कापड कोणी का काढत नाही?

दोन_पन्ने

वा! शिंपला उजेड विखुरतो, कापडाला भोकं असतात, हा फरक. त्यातल्या त्यात जवळ जाणारं म्हणजे दाट विणीची पांढरी मलमल. याची एक घरगुती परीक्षा आहे. कापड धरा, मागे वीतभर अंतरावर पंजा धरा, कापडाकडे उजेडाच्या दिशेने बघा. बोटं मोजता आली तर ते कापड खिडकीजवळ उभ्या माणसाला झाकणार नाही. मग पंजा हळूहळू मागे न्या. ज्या अंतरावर पंजाचा नुसता डाग उरतो, पडद्यापासून तेवढं लांब राहिलात की तुम्ही झाकलेले. भोकाभोकांच्या जाळीत पंजा कितीही मागे नेला तरी बोटं दिसत राहतात.

ओवी, चारही कापडांवर हे करा. आणि रात्रीचं बघायला कोणाला तरी समोरच्या जिन्यात उभं करा.

ओवी_पुणे

नवऱ्याला पाठवलं. समोरच्या वॉचमनने आधी हटकलं, मग तोही बघायला थांबला! रात्री साडेआठ, हॉलमधला मधला दिवा चालू. हा फोनवर सांगत होता, मी कापडं बदलत होते.

पांढरी शिअर : मी, सोफा, टीव्हीवर क्रिकेट चालू आहे हेसुद्धा.
गव्हाळ : पडद्याजवळ उभी राहिले की पूर्ण आकृती, मागे सोफ्यावर बसले की फक्त हललेलं कळतं.
गेरू : सावली फिरताना दिसते.
डिमआऊट : कडेची फट सोडून काही नाही.

गव्हाळचं मला नाही आवडलं. हात वर करून केस बांधले तेसुद्धा याला कळलं.

मांडवीकाठ

म्हणजे पिंगुळीच्या ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ! फुकटात!

दोन_पन्ने

विनोद नाही, तंत्र तेच आहे. दिवा मागे, बाहुली मधे, पडदा पुढे. बाहुली पडद्याला जितकी चिकटून तितकी रेघ स्वच्छ. तुमचा दिवा खोलीच्या मधे आहे आणि तुम्ही दिवा आणि पडद्याच्या मधे आलात. दिवा खिडकीच्या भिंतीवर, पडद्याच्या वरच्या अंगाला लावून बघा. मग तुमची सावली आतल्या भिंतीवर पडेल, पडद्यावर नाही. गव्हाळसारख्या दाट कापडाला एवढ्याने बराच फरक पडतो. शिअरला पडत नाही, तिच्यातून सावली नाही, तुम्हीच दिसता.

तरी रात्रीसाठी दुसरा थर लागणारच. दुहेरी रॉड लावा, काचेकडे गव्हाळ, खोलीकडे जाड. दिवसा जाड बाजूला.

ओवी_पुणे

एक राहिलंच. फोटो ५ मधे फोनने सगळ्यांना सारखं वागवलं, तरी पांढऱ्या शिअरशेजारची भिंत मळकी दिसतेच आहे. प्रत्यक्षातही दिसते. रंग देऊन आठच महिने झालेत.

दोन_पन्ने

भिंत मळलेली नाही, शिअर जास्त पांढरी आहे. आपल्याकडे धोतराला नीळ द्यायचे ना, तसं हल्ली पॉलिएस्टरला आणि कागदालाही चमक आणणारं रसायन देतात. ते उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेऊन निळसर उजेड परत देतं. त्या निळसर पांढऱ्याशेजारी कुठलाही क्रीम रंग पिवळट आणि पिस्ता शेवाळी वाटतो. खूण सांगते. रात्री एलईडीच्या उजेडात बघा, त्यात अतिनील जवळजवळ नसतं. तेव्हा तीच शिअर साधी पांढरी दिसेल आणि भिंत परत ताजी.

आता तिच्याशेजारी मांजरपाटाचा कोरा तुकडा टांगा. धुवट नको, कोराच. क्रीम भिंतीला कोणता पांढरा जातो ते लगेच कळेल. शिअर घ्यायचीच तर त्या छटेची मागा, दुकानात ऑफव्हाइट म्हणतील. फक्त ऑफव्हाइटसुद्धा दहा असतात, म्हणून तुकडा बरोबर न्या.

ओवी_पुणे

मांजरपाट आईकडे होतं, उशीच्या अभ्र्यांसाठी आणलेलं. टांगलं. खरंच भिंत सुधारली! आई म्हणते, मग हेच लाव, चाळीस रुपयांत काम झालं.

चिंतोपंत

आईंचं ऐका.

दोन_पन्ने

लावता येईल, पण आधी भिजवून आटवून घ्या. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात चांगलं आटतं. शिवून झाल्यावर आटलं की पडदा घोट्याच्या वर येतो, शाळेतल्या मुलाच्या पँटसारखा.

अनघा_न्यूजर्सी

फोटो ५ मोठा करून बघितला. पांढऱ्या शिअरवर लाटांसारखी नक्षी दिसतेय, तशी विणलेली आहे का? फार सुंदर आहे. मला हवी आहे.

ओवी_पुणे

अहो नाही, साधी आहे. मला तर ती दिसलीच नाही कधी.

दोन_पन्ने

ती फोटोतली आहे. कापडाची बारीक वीण आणि कॅमेऱ्यातले बारीक चौकोन एकमेकांवर बसले की अशा लाटा उमटतात. दोन पावलं पुढे किंवा मागे जाऊन फोटो काढा, लाटा बदलतील किंवा जातील. ऑनलाइन शिअर मागवताना यात बरेच फसतात. पण एक सांगते, शिअरचे दोन थर एकावर एक आले तर तशाच लाटा डोळ्यांनाही दिसतात, आणि वारा आला की त्या चालतात. काहींना आवडतं, काहींना गरगरतं.

ओवी_पुणे

बरं, ठरवत आणलंय. काचेकडे गव्हाळ नक्की. खोलीकडे गेरू की करडं डिमआऊट, यावर घरात दोन तट आहेत. कापड किती लागेल?

दोन_पन्ने

खिडकी ७२ इंच. रॉड दोन्हीकडे सहा सहा इंच जास्त घ्या, कडेची ती फट त्यानेच झाकली जाईल. झाले ८४. चुण्यांसाठी दुप्पट, १६८. पन्ना ४८ इंचांचा असेल तर साडेतीन येतात, म्हणजे चार पन्ने. साडेतीन शिवू नका, अर्धा पन्ना जोडला की शिवण उजेडात रेघेसारखी दिसते. उंची रॉडपासून जमिनीपर्यंत सात फूट धरली तर वरखाली दुमडीला एक फूट, म्हणजे पन्न्याला आठ फूट. चार पन्न्यांचे बत्तीस फूट, पावणेदहा मीटर. दहा मीटर घ्या. पन्ना ५४चा निघाला तरी हिशोबाने तीनाहून थोडं जास्त येतं, तेव्हा चारच.

रंगाबद्दल माझं मत गेरूला. पिस्ता आणि गेरू ही आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींची जोडी आहे. पण त्याला पांढरं अस्तर लावाच. अस्तराने विटणंही मंदावेल आणि मागून येणारा तांबूस उजेडही कमी होईल.

तेजस_मोजमाप

इथे मी असहमत. अस्तर लावलं की गेरूचा निखारा विझला, मग त्या रंगात उरलं काय? आणि पिस्ता भिंतीवर दुपारभर तांबूस उजेड पडणार असेल तर भिंतीचा रंगच वाया. करडं घ्या. दिवसा ते बाजूलाच राहणार आहे, रात्री भिंतीशी भांडणार नाही.

दोन_पन्ने

दिवसा ते बाजूला राहणार असेल तर तांबूस उजेड येणार कुठून?

तेजस_मोजमाप

मे महिन्यात चार वाजता तुम्ही ते उघडं ठेवून दाखवा.

वैदर्भी

याला मी साक्षीदार. नाही ठेवता येत.

ओवी_पुणे

तुमचं भांडण नवऱ्याला वाचून दाखवलं, तो तेजसच्या बाजूला गेला. मी अजून गेरूकडे आहे. शिंप्याला उद्या फक्त गव्हाळचे चार पन्ने देते. दुहेरी रॉड आत्ताच बसवते, पुढची दांडी रिकामी राहील. गेरूचा तो मीटरभर तुकडा अस्तरासकट आणि अस्तराशिवाय, दोन्ही तऱ्हांनी आठवडाभर टांगून ठेवते. शेजारी करडं. दिवाही खिडकीच्या भिंतीवर हलवायला वायरमन शनिवारी येतोय.

शशिकांत ना.

दांडी रिकामी आहे तोवर त्यावर टॉवेल वाळत घालू नका. आमच्याकडे तेच झालं, पडदे आलेच नाहीत.